‘छान बोललीस’ हे इव्हॅल्युएशन नव्हे

मंडळी, आपल्या मुलांपैकी बरीच जणं आता कुठल्या ना कुठल्या भाषण क्लबात जातात. १८ वर्षांखालच्यांना टोस्टमास्टर्सचं सदस्य होता येत नाही, म्हणून कुणी लायब्ररीच्या खोलीत भरणाऱ्या गॅव्हल क्लबात जातं, तर कुणी युथ लीडरशिप प्रोग्रॅमची आठ सत्रं करतं. आपल्यातले काही आईबाबा मोठ्यांच्या क्लबातही आहेत. आणि मुलांचा क्लब चालवायला माणसं कमी पडली की कोऑर्डिनेटर मागच्या रांगेत बसलेल्या आपल्याकडेच बघतो. ‘आज इव्हॅल्युएटर व्हाल का?’

या कामाची पद्धत पहिल्याच दिवशी शिकवली जाते: कमेंड, रेकमेंड, कमेंड. म्हणजे आधी कौतुक, मग सूचना, मग पुन्हा कौतुक. तोंडी लावायला सीआरसी. शिकायला दोन मिनिटं पुरतात, आणि त्यामुळेच बहुतेक जण ती दोन मिनिटांत शिकून तिथेच थांबतात.

माझं मत स्पष्ट सांगते. पद्धत चांगली आहे, पण आपण ती कडू गोळीला साखर लावावी तशी वापरतो. वर थोडं गोड, खाली थोडं गोड, मध्ये औषध. मुलांना हे तीन आठवड्यांत कळतं. मग पहिलं कौतुक चालू असताना मूल ऐकत नसतं, ‘पण’ कधी येतोय याची वाट बघत असतं. आणि शेवटचं कौतुक तर कुणाच्याच लक्षात राहत नाही. सीआरसीचे तीन भाग म्हणजे तीन थर नाहीत, तो एकच धागा आहे. पहिल्या कौतुकातून सूचना निघाली पाहिजे आणि शेवटच्या कौतुकाने ती सूचना ‘मला जमेल’ अशी वाटली पाहिजे. तसं होत नसेल, तर नुसतं ‘छान’ म्हणून खाली बसलेलं बरं.

आधी वेळेचं गणित

इव्हॅल्युएशनला दोन ते तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांना हिरवा दिवा, अडीचला पिवळा, तीनला लाल. इव्हॅल्युएशनच्या स्पर्धेत दीड मिनिटापेक्षा कमी किंवा साडेतीनपेक्षा जास्त बोललं तर बाद. म्हणजे आपल्या हातात साधारण तीनशे-साडेतीनशे शब्द असतात, त्याहून जास्त नाहीत.

आता एखादे काका उभे राहतात आणि या वेळात सात सूचना देतात. हात खिशातून काढ, डोळ्यात बघ, ‘लाइक’ कमी म्हण, आवाज चढव, हळू बोल, आकडे दे, हसून बोल. प्रत्येकीला पंधरा सेकंद. त्यातली एकही गोष्ट का करायची आणि कशी करायची, हे सांगायला वेळच उरत नाही. मूल घरी जाताना एवढंच घेऊन जातं की आपलं पुष्कळ चुकलं.

शिवाय यातली निम्मी कामं आपली नसतातच. ‘अं’, ‘लाइक’, ‘सो’ मोजायला आ-काउंटर असतो. भाषेकडे बघायला ग्रॅमेरियन असतो. वेळ सांगायला टायमर असतो. ही माणसं उगाच बसवलेली नाहीत. त्यांची कामं त्यांच्याकडे आहेत म्हणून इव्हॅल्युएटरला एकाच प्रश्नाकडे बघायला मोकळीक मिळते: या भाषणाला जे करायचं होतं, ते झालं का? आणि झालं नसेल तर कुठे अडलं?

म्हणूनच भाषण सुरू होण्याआधी मुलाला गाठून दोन गोष्टी विचाराव्यात. या भाषणाचा प्रोजेक्ट कुठला, आणि तुला स्वतःला आज कशावर काम करायचंय? मुलगा म्हणाला, ‘मी आज नोट्सशिवाय बोलणार आहे’, तर एखादं वाक्य विसरलं यात दोष नाही. तेच आजचं धाडस आहे. हे न विचारता उभे राहिलो, तर आपण त्याच्या भाषणाऐवजी आपल्या मनातल्या भाषणाचं मोजमाप करत बसतो.

एक उदाहरण नीट बघू

समजा, तेरा वर्षांची एक मुलगी उभी राहते. विषय: ‘मी क्लॅरिनेट का सोडलं’. शाळेच्या बँडमध्ये दोन वर्षं वाजवून तिने ते सोडलंय. प्रोजेक्ट श्रोत्यांना एखादी गोष्ट पटवून देण्याचा आहे, वेळ पाच ते सात मिनिटं.

ती काही न बोलता क्लॅरिनेटचा तो बेसूर, किंचाळल्यासारखा आवाज तोंडाने काढते. खोलीत हशा पिकतो. ती थांबते, हसू ओसरू देते, आणि मग म्हणते, ‘हा आवाज माझ्या शेजाऱ्यांनी दोन वर्षं ऐकला.’ पुढे ती कारणं सांगते. रोजचा अर्धा तास नकोसा व्हायचा, कॉन्सर्टच्या आदल्या रात्री पोटात दुखायचं, आणि बँडच्या दिवशीच गायनाचा क्लास असायचा, जो तिला खरोखर आवडायचा. चौथ्या मिनिटाला, जाता जाता, ती एक वाक्य बोलून जाते: ‘मी क्लॅरिनेट सोडलं, संगीत नाही सोडलं.’ मग बँडच्या शिक्षकांना हे सांगायला गेली तो प्रसंग. तिथे तिचा आवाज खाली येतो आणि खोली शांत होते. आणि शेवटी: ‘सो... या, दॅट्स इट. थँक्यू.’ पाच मिनिटं चाळीस सेकंद.

आता आपल्या कागदावर काय काय आलं असेल? सुरुवात मस्त. ‘लाइक’ बरेचदा. दोन्ही हात लेक्टर्नला चिकटलेले. कारणं सांगताना नजर कागदात. शिक्षकांचा प्रसंग छान. शेवट ढेपाळला. आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या अनेकांच्या कागदावर आणखी एक वाक्य आलं असेल: ‘दोन वर्षं घालवून असं सोडायचं नसतं.’

हे शेवटचं वाक्य आधी खोडा. आपल्या पिढीला सोडणं पटत नाही, विशेषतः फी भरलेली असताना. पण इव्हॅल्युएटरचं काम तिच्या निर्णयाला मार्क देण्याचं नाही. तिचं म्हणणं आपल्याला पटलं नाही, हे फार तर या स्वरूपात उपयोगी पडेल: ‘मी सोडण्याच्या विरोधातला माणूस आहे, आणि मला पटवायला अमुक जागी आणखी एक उदाहरण हवं होतं.’ ही भाषणाबद्दलची सूचना झाली. ‘सोडायला नको होतंस’ हा उपदेश आहे, आणि पंधरा-वीस जणांसमोर केलेला उपदेश मूल कित्येक वर्षं विसरत नाही.

उरलेल्यांतून एकच सूचना निवडायची आहे. कशी निवडायची? माझी कसोटी अशी: जी एक गोष्ट बदलली तर भाषणाचा हेतू सगळ्यात जास्त साधेल, ती. ‘लाइक’ कमी झाले तर भाषण नीटनेटकं होईल. हात सुटले तर ते बघायला बरं वाटेल. पण शेवट बदलला, तर श्रोते घरी जाताना तिचं म्हणणं सोबत घेऊन जातील. पटवून देण्याच्या भाषणात महत्त्व त्यालाच आहे. म्हणून शेवट.

आणि इथे खरी गंमत आहे. नवा शेवट आपण सुचवायची गरजच नाही. तो तिच्याच भाषणात आहे, फक्त चुकीच्या जागी, चौथ्या मिनिटात गाडला गेलाय.

आता तिन्ही भाग जोडून बोलू. क्लबात हे अर्थात इंग्रजीत होईल, इथे मराठीत लिहिते.

‘तू एकही शब्द न बोलता सुरुवात केलीस. तो आवाज काढलास आणि आम्ही हसल्यावर लगेच पुढे पळाली नाहीस. तीन सेकंद थांबलीस. त्या थांबण्यामुळे पुढचं शेजाऱ्यांचं वाक्य प्रत्येकाला नीट ऐकू आलं. मला तेव्हाच वाटलं, ही आपल्याला कुठेतरी घेऊन जाणार आहे.’

‘चौथ्या मिनिटाला तू म्हणालीस, मी क्लॅरिनेट सोडलं, संगीत नाही सोडलं. माझ्यासाठी अख्खं भाषण त्या एका वाक्यात आहे. ते कारणांच्या गर्दीत पटकन निघून गेलं. पुढच्या वेळी ते वाक्य तिथून काढ आणि अगदी शेवटी ठेव, दॅट्स इट च्या जागी. शिक्षकांचा प्रसंग संपव, श्वास घे, हे वाक्य म्हण, मनात तीनपर्यंत मोज आणि मगच हात मिळवायला वळ. म्हणजे असं...’ आणि इथे आपण स्वतः ते करून दाखवायचं. वाक्य, मग शांतता. वीस सेकंदांचं काम आहे.

‘हे तुला जमेल असं मी का म्हणते? कारण सुरुवातीला तू नेमकं हेच केलंस. थांबायला धीर लागतो, आणि तो तुझ्याकडे आहे. शिक्षकांच्या खोलीत तुझा आवाज खाली आला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो होतो. त्याच शांततेत शेवटचं वाक्य टाक. मी ते ऐकायला येणार आहे.’

झालं. अडीच मिनिटं. यात सूचना एकच आहे, पण ती काय, का आणि कशी हे तिन्ही सांगून झालंय. पहिलं कौतुक उगाच केलेलं नाही, शेवटच्या भागात तेच पुरावा म्हणून परत आलं. तिसऱ्या भागात नवीन गोड काही शोधावं लागलं नाही. आणि ‘पण’ हा शब्द एकदाही आला नाही. तो मुद्दाम टाळला असंही नाही. सूचना तिच्याच चांगल्या वाक्यातून निघाली, त्यामुळे ‘पण’ म्हणायची वेळच आली नाही. जिथे ‘पण’ लागतो, तिथे बहुधा कौतुक आणि सूचना यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

बिघडतं कुठे

पहिली जागा: कौतुक कुणालाही लागू पडेल असं असतं. ‘आत्मविश्वास छान होता’, ‘विषय सुंदर निवडलास’. साधी चाचणी करा. तुमचं वाक्य भाषण न ऐकताही म्हणता आलं असतं का? आलं असतं, तर ते कौतुक नाही, शिष्टाचार आहे. ‘सुरुवातीला तीन सेकंद थांबलीस’ हे फक्त ऐकणाराच म्हणू शकतो. मुलं हा फरक आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.

दुसरी जागा: सूचना पुढच्या आठवड्यात करता येण्यासारखी नसते. ‘आणखी एंगेजिंग हो’ म्हणजे नेमकं काय कर? यातच उच्चाराचा प्रश्न येतो. मोठ्यांच्या क्लबात आपल्यापैकी एखाद्याला कधी ना कधी सांगितलं जातं, ‘युअर अॅक्सेंट...’. चाळिशीत अॅक्सेंट बदला ही सूचना नाही, आणि बदलायची गरजही नाही. उपयोगी सूचना अशी असते: ‘तुम्ही औषधाचं नाव पहिल्यांदा घेतलंत तेव्हा मला ते कळलं नाही. नवीन शब्दाच्या आधी आणि नंतर जरा थांबा.’ हे कुठल्याही अॅक्सेंटमध्ये करता येतं. आणि हाच न्याय आपण उलट्या बाजूने आपल्या मुलांना द्यायला हवा. गणपतीच्या कार्यक्रमात मूल मराठीत चार मिनिटं बोलतं, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘माझा पुस्तक’ होतं, आणि खाली उतरताच कुणीतरी प्रेमानेच ते दुरुस्त करतं. ते ग्रॅमेरियनचं काम आहे, ते नंतर, घरी, सावकाश करता येईल. भाषण ऐकून जी पहिली गोष्ट त्याच्या कानावर पडते, ती त्याने काय सांगितलं याबद्दलची असावी.

तिसरी जागा: सूचनाच नसते. आपल्या लोकांत याचं प्रमाण मोठं आहे, कारण ते मूल ओळखीच्यांचं असतं आणि संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवायला जायचं असतं. मग कमेंड, कमेंड, कमेंड होतं. मुलाला त्या क्षणी बरं वाटतं. पण त्याने आठवडाभर तयारी केली, आणि आपण नीट ऐकलंच नाही, असाच त्याचा अर्थ होतो. अगदी पहिलं भाषण असलं, पाय थरथरत असले, तरी एक छोटी सूचना द्यावी. ‘पुढच्या वेळी बोलायला लागण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर टेकव आणि एक श्वास घे’ एवढी सुद्धा चालेल. त्यात ‘पुढची वेळ’ आहे, हे महत्त्वाचं.

पद्धतीच्या मर्यादा

सीआरसी सगळीकडे चालत नाही. भाषणात कुणाची टिंगल झाली असेल, किंवा ते इंटरनेटवरून जसंच्या तसं उचललेलं असेल, तर ते दोन कौतुकांच्या मध्ये घालून सगळ्यांसमोर सांगायची गोष्ट नाही. ते नंतर, एकट्याला, सरळ सांगायचं. अशा वेळी साखर लावली की मूल गोंधळतं: हे गंभीर आहे की नाही?

दुसरं, घरात उठताबसता सीआरसी करू नका. क्लबात मूल स्वतःहून उभं राहिलेलं असतं आणि इव्हॅल्युएशन मागून घेतलेलं असतं. जेवताना शाळेतली गंमत सांगणाऱ्या मुलाने ते मागितलेलं नसतं.

आणि तिसरं, ज्यावर आमच्याकडे वाद होतात: स्वतःच्या मुलाचं इव्हॅल्युएशन स्टेजवरून करू नये. माझ्या मते हा नियमच असावा. आईच्या तोंडून आलेलं पहिलं कौतुक मूल ‘आई तर म्हणणारच’ म्हणून सोडून देतं, आणि सूचना मात्र कालच्या अभ्यासाच्या भांडणाला जोडून ऐकतं. अदलाबदल करा. तुम्ही त्यांच्या मुलीचं ऐका, ते तुमच्या मुलाचं ऐकतील. गाडीत बसल्यावर आपलं काम एवढंच, ‘काकांनी काय सांगितलं?’ असं विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. आपली भर घालायची नाही.

आणि हाच प्रश्न इव्हॅल्युएटरचीही परीक्षा घेतो. मुलाने एका वाक्यात उत्तर दिलं, ‘ते वाक्य शेवटी टाकायचं आणि तीनपर्यंत मोजायचं’, तर इव्हॅल्युएशन जमलं. ‘चांगलं होतं म्हणाले’ असं उत्तर आलं तर सूचना पोचलीच नाही. ‘खूप चुका काढल्या’ असं आलं तर त्या खूप होत्या.

काही जणांचं म्हणणं

‘आम्हाला कुठे कुणी कौतुकात घोळून सांगितलं? सरळ चुका सांगायचे, आम्ही शिकलोच ना?’ असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. शिकलो, खरंय. पण आपल्यातल्या कितीजणांनी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेनंतर पुन्हा माइक हातात घेतला, तेही मोजून बघा. पाठ केलेलं भाषण, एखादा विसरलेला परिच्छेद, आणि निकालात नाव नाही. नेमकं काय चुकलं आणि काय चांगलं होतं, हे परीक्षकांनी कधी सांगितलंच नाही. रॅल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा आना इथल्या वायएमसीएमध्ये पहिला टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला. तेव्हापासून तिथे भाषण करणाऱ्याला बरोबरीच्या माणसाकडून नेमका अभिप्राय मिळण्यावर भर आहे. त्यात नंबर नाही, आणि कुणी वरच्या खुर्चीतला परीक्षकही नाही. आज तुम्ही माझं ऐका, पुढच्या आठवड्यात मी तुमचं ऐकेन.

म्हणूनच मुलांनाही इव्हॅल्युएटर करा, आणि लवकर करा. दहा वर्षांच्या मुलाला सांगा: एक गोष्ट जी तू फक्त ऐकलं म्हणूनच सांगू शकतोस, एक गोष्ट जी पुढच्या वेळी करता येईल, आणि ती त्याला जमेल असं तुला का वाटतं. एवढंच. कागदावर तीन ओळी. मोठी माणसं सात सूचना देतात, तिथे मुलं बहुतेकदा एकच देतात, आणि ती अनेकदा नेमकी असते.

या शनिवारी कुणी तुमच्याकडे बघून ‘इव्हॅल्युएटर व्हाल का’ असं विचारलं, तर हो म्हणा. कागदाचे तीन भाग करा, मधल्या भागात एकच ओळ मावेल एवढीच जागा ठेवा, आणि भाषण सुरू व्हायच्या आधी त्या मुलाला जाऊन विचारा, ‘आज तुला कशावर काम करायचंय?’